पालुपद म्हणजे गाण्याचा पदर

"प्रेमगीत लिहितोय. 'हुक'ला मराठीत पालुपद म्हणावं का? पण पालुपद म्हणजे तीच ती कंटाळवाणी रड ना? माझी ओळ अशी: 'तुझ्या नयनांच्या अथांग सागरी बुडाले माझे मन'."

अवश्य म्हणा. 'त्याचं आपलं तेच पालुपद' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. टोमणा मारायला वापरून वापरून आपण एक देखणा शब्द मळवून टाकला.

मुखडा, अंतरा तुम्हाला ठाऊकच आहेत. पालुपदाचं बघा. संस्कृतात पल्लव म्हणजे पालवी, आणि वस्त्राचा काठही. पालुपदातून कडव्याला पालवी फुटते, असं सांगणारे जाणकार भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. फुटतं ते कडवं; पालुपद जागचं हलत नाही. आम्ही बडोदेकर मांडवीच्या दुकानांत रोज 'पालव' ऐकतो, म्हणजे साडीचा पदर. माझ्या मते पालुपद ते हेच. अंगभर नक्षी कितीही बदलो, शेवटी डोळा पदरावर येऊन थांबतो.

दुसरा शब्द झील. गोंधळात, तमाशात मुख्य गायकामागून ओळ उचलून धरतात ते झीलकरी. इथे गरब्यातही एकजण 'गवडावतो', म्हणजे ओळ आधी गातो, आणि बाकीचे ती 'झीलतात'. गुजरातीत झीलणं म्हणजे वरून आलेली वस्तू हातात झेलणं. पालुपद असं हवं, एकदा कानावर पडताच झेलता येणारं. तुमची ओळ कुणाला एकदाच ऐकवा आणि दहा मिनिटांनी म्हणायला सांगा. 'अथांग' गळेल, 'सागरी' गळेल. शिवाय ती 'मन'वर संपते. 'न'वर गळा लांबवणार कसा?

त्याऐवजी हे घ्या: 'थांब ना जरा'. मात्रा मोजा, थां २, ब १, ना २, ज १, रा २. बरोबर आठ, केरव्याचं एक आवर्तन. शेवटी 'आ', हवा तितका लांबवा. आता सोळा-सोळा मात्रांचं कडवं:

बागेमधले दिवे लागले
बाकावरती कुणी न उरले
पदरापाशी अडला वारा
थांब ना जरा

पहिल्या दोन ओळींत प्रेमाचं नावही नाही, नुसती सयाजीबागेतली संध्याकाळ आहे. तिसरी ओळ 'वारा'वर संपली की 'जरा' कानाला आधीच हवासा होतो, झीलकरी तयारच असतात. हा दुवा तुटला तर पालुपद वरून चिकटवल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कडव्यात प्रसंग बदला, घरी निघायची वेळ आणा, पण तिसऱ्या ओळीचं यमक 'रा'चंच ठेवा. मग तेच तीन शब्द विनवणीचे न राहता निरोपाचे होतात. पालुपदाचं अक्षरही न बदलता अर्थ बदलतो, आणि त्याला लोक रड म्हणतात!

आणि हो, कागदावर पालुपदापुढे ॥धृ.॥ लिहू नका. शब्द ध्रुव आहे, अढळ. ॥ध्रु.॥ लिहा.