चार्जशीटमध्ये विसंगती सापडल्या म्हणजे डिस्चार्ज मिळतोच असं नाही

प्रश्न: माझ्या भावावर मारामारीच्या केसमध्ये चार्जशीट दाखल झालं आहे. वाचलं तर पानोपानी विसंगती आहेत. डिस्चार्जच्या अर्जासाठी त्या सगळ्या कशा शोधायच्या आणि कशा मांडायच्या?

सगळ्या शोधा, पण डिस्चार्जच्या, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मुक्त करण्याच्या, अर्जात सगळ्या मांडू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी स्वतः 23 विसंगतींचा तक्ता केला होता आणि त्या तक्त्याचं काय झालं ते सहा वर्षं पाहिलं आहे.

केस 2012 ची, बांधाच्या वादाची. फिर्यादीच्या भावाला डोक्यात मार लागला. रात्री फिर्याद झाली तेव्हा त्यात चार नावं होती आणि गुन्हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि 34, म्हणजे समान इरादा, या कलमांखाली दाखल झाला. चौथ्या दिवशी फिर्यादीचा पुरवणी जबाब झाला. त्यात पाचवं नाव आलं, आणि ते आल्याबरोबर पोलिसांनी 143, 147, 148, 149 ही बेकायदेशीर जमावाची कलमं वाढवली. बेकायदेशीर जमावाला किमान पाच माणसं लागतात, त्यामुळे हा पाचवा सापडला नसता तर 149 लागलंच नसतं. तो पाचवा आमचा पक्षकार. पहिल्या आरोपीचा धाकटा भाऊ, एमआयडीसीत कामाला. कोर्टात आम्ही त्याला पाच नंबरच म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

माझ्या सीनियर वकिलांनी, म्हणजे सरांनी, चार्जशीट माझ्या हातात दिलं, 140 पानांचं. मी दोन रात्री बसून तक्ता केला. फिर्यादीत कोयता, तर डोक्यावरची जखम डॉक्टरांच्या मते कठीण व बोथट वस्तूने झालेली. एक साक्षीदार म्हणतो सहा वाजता, दुसरा म्हणतो दिवेलागणीला. घटनास्थळ पंचनाम्यात रक्त बांधावर, फिर्यादीत मारहाण विहिरीपाशी. जप्ती पंचनाम्यातला एक पंच फिर्यादीचा चुलतभाऊ. असे 23. त्या तक्त्याचा मला अभिमान होता.

तिसऱ्या रात्री मी वेगळं काम केलं. हिरवं पेन घेतलं आणि 140 पानांत फक्त पाच नंबरच्या नावाखाली रेघ मारत गेले. नाव अकरा ठिकाणी निघालं. मग प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: हे पान पुरावा आहे का? आरोपींच्या रकान्यात नाव असणं हा पुरावा नाही. अटक पंचनामा, नातेवाइकाला दिलेली अटकेची माहिती, मेडिकल तपासणीचं पत्र, यांतून फक्त तो अटक झाला एवढंच कळतं. शेवटी तपासी अंमलदाराने लिहिलेला तपासाचा गोषवारा हे पोलिसांचं मत. राहिली दोन ठिकाणं. एक, पहिल्या आरोपीचा मेमोरँडम पंचनामा, ज्यात त्याने “मी, माझा भाऊ व इतरांनी मिळून मारलं, कोयता काढून देतो” असं म्हटल्याचं लिहिलं होतं. पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीच्या अशा निवेदनातून तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 27 खाली फक्त कोयता सापडण्याशी थेट संबंध असलेला भाग वाचता यायचा. भावाचं नाव त्यात येत नाही. शिवाय सहआरोपीच्या कबुलीवर, दुसरं काही नसताना, चार्ज ठेवता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये कलानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितलं आहे, आणि तिथली कबुली तर टाडाखाली नोंदवलेली होती.

उरलं एक वाक्य. पुरवणी जबाबातलं: “त्यावेळी आरोपी नं. 1 चा भाऊ हाही तेथे हजर होता.” हत्यार नाही, हात उचलल्याचं नाही, “मारा” म्हटल्याचं नाही. बाकी तिन्ही प्रत्यक्षदर्शींच्या जबाबात तो नव्हताच. 140 पानांत त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे हे एक वाक्य.

मी सरांना म्हटलं, अर्ज एवढाच करू, दोन पानांचा. सगळं चार्जशीट खरं धरा, फिर्यादीचा प्रत्येक शब्द खरा धरा, तरी पाच नंबरविरुद्ध फक्त हजेरी उरते. 149 साठी प्रत्येकाने प्रत्यक्ष मारलंच पाहिजे असं नाही, हे मला माहीत होतं, ते सुप्रीम कोर्टाच्या मसाल्टी निकालापासून ठरलेलं आहे. पण जमावाचा हेतू त्याचाही होता हे दाखवणारं काहीतरी लागतं. शेत त्यांचंच, घर शेताला लागून, भाऊ भांडतोय. तिथे उभं असण्याचं कारण त्याच्याकडे होतं.

सर म्हणाले, “दोन पानांचा अर्ज बघून पक्षकाराला वाटेल आपण कामच केलं नाही. तुझा तक्ता पूर्ण घाल. आणि कंपनीचं हजेरीचं पंचिंग लाव.” मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या वर्षाच्या ज्युनिअरचं कोण ऐकतं. अर्ज 19 पानांचा झाला. माझ्या मुद्द्याला त्यात सतराव्या क्रमांकाचा परिच्छेद मिळाला.

सरकारी वकिलांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं. पंचिंग बचावाचा कागद आहे. चार्जच्या टप्प्यावर आरोपीचे कागद बघायचे नसतात, हे ओरिसा राज्य विरुद्ध देबेंद्रनाथ पाढी या सुप्रीम कोर्टाच्या 2004 च्या निकालाने पक्कं केलं आहे. (गोव्यातल्या रुक्मिणी नार्वेकर प्रकरणात 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने फार विरळ अपवाद ठेवला, पण कंपनीतल्या पंचिंगला तो लागू पडत नाही.) आणि विसंगतींबद्दल ते म्हणाले की कोणता साक्षीदार खरा हे उलटतपासात ठरेल. सुप्रीम कोर्टाच्या प्रफुल्लकुमार सामल निकालापासून, म्हणजे 1978 पासून, कसोटी तीच आहे: न्यायाधीश पुरावा चाळतात, पण फक्त गंभीर संशय उभा राहतो का एवढंच बघायला. त्या टप्प्यावर खटला चालवायचा नसतो. अर्ज नामंजूर. आदेशात सतराव्या परिच्छेदाचा उल्लेखसुद्धा नव्हता. हायकोर्टात रिव्हिजन करायला त्या माणसाकडे पैसे नव्हते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. खरं नुकसान पुढे साक्षी सुरू झाल्यावर झालं. फिर्यादीने सरतपासातच, कोणी विचारायच्या आधी सांगून टाकलं की भाऊ आयसीयूत होता, मी घाबरलो होतो, म्हणून पहिल्या दिवशी पाचवं नाव राहून गेलं. डॉक्टरांना सरकारी वकिलांनी पहिल्यांदाच विचारलं, कोयत्याच्या मागच्या बोथट बाजूने अशी जखम होऊ शकते का? डॉक्टर म्हणाले, होऊ शकते. जखम आणि हत्यार यांतली विसंगती हा आमच्या हातातला सगळ्यात धारदार मुद्दा होता, आणि उलटतपासाला उभं राहायच्या आधीच तो गेला. 23 पैकी निम्म्याहून जास्त मुद्द्यांची उत्तरं तयार होऊन आली होती, कारण आमचा अर्ज त्यांच्या फायलीत चार वर्षं पडून होता.

2018 मध्ये पाच नंबर निर्दोष सुटला. निकालपत्रात त्याच्याबद्दल एकच परिच्छेद आहे: केवळ हजेरी, हेतू सिद्ध नाही. सतराव्या परिच्छेदात आम्ही तेच म्हटलं होतं. मधल्या सहा वर्षांत कंपनीने कंत्राट वाढवलं नाही आणि दुसरीकडे अर्ज केला की चारित्र्य पडताळणीत गुन्हा प्रलंबित असं लिहून यायचं. तो अर्ज दोन पानांचा असता तर मंजूर झालाच असता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण न्यायाधीशांना निदान तो मुद्दा दिसला असता.

म्हणून तुमच्या भावाच्या चार्जशीटसाठी मी दोन वेगळ्या वह्या करायला सांगेन. एक विसंगतींची: ‘अ’ असं म्हणतो, ‘ब’ तसं म्हणतो. ती वकिलांच्या कपाटात राहू द्या, उलटतपासाला काढा. दुसरी उणिवांची: सगळं खरं धरूनही काय नाही? कलमाचा कोणता घटक एकाही पानावर नाही? भावाच्या नावाखाली रेघा मारा आणि पुरावा नसलेली पानं वजा करा. साध्या आणि गंभीर दुखापतीच्या वादात इंज्युरी सर्टिफिकेट नीट बघा. फ्रॅक्चरमुळे गंभीर म्हटलं असेल आणि एक्स-रे रिपोर्ट जोडलेलाच नसेल, तर ती उणीव आहे. डिस्चार्जच्या अर्जात फक्त दुसरी वही जाते.

एखादी विसंगती उणीव ठरू शकते. पोलिसांचाच कागद, समजा त्यांनीच चार्जशीटला जोडलेली नोंद, तुमचा भाऊ त्या वेळी दुसरीकडे असल्याचं दाखवत असेल तर ती जरूर घाला. तो कागद बचावाचा नाही, पाढी निकाल आड येत नाही.

आणि उणीव मांडण्यातही धोका आहे. एक्स-रे नाही असं लिहिलं की पोलीस पुढील तपास करून तो आणू शकतात, पुरवणी चार्जशीट येऊ शकतं. चांगला सरकारी वकील तुमच्या अर्जाशिवायही कोयत्याची बोथट बाजू शोधून काढेल, हेही खरं आहे. सरांवर मी इतकी वर्षं जो राग धरला त्यात हा हिशोब मी फारसा धरला नव्हता. तरी 19 पानांचा अर्ज चूक होता हे माझं मत बदललेलं नाही. भावाविरुद्ध एकाही प्रत्यक्षदर्शीने हत्यार आणि वार स्पष्ट सांगितला असेल, तर डिस्चार्जवर पैसे घालवू नका, खटला लवकर चालवून घ्या.

मुदत आजच तपासा. जुन्या फौजदारी संहितेत डिस्चार्जच्या अर्जाला दिवसांची मर्यादा नव्हती. 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. केस सेशन्सची असेल तर कलम 250 खाली, केस सेशन्सकडे वर्ग झाल्यापासून 60 दिवस. मॅजिस्ट्रेटकडची वॉरंट केस असेल तर कलम 262 खाली, चार्जशीटच्या नकला मिळाल्यापासून 60 दिवस. नकला मिळाल्याची सही भावाने कोणत्या तारखेला केली ते रोजनाम्यात बघा, आणि सूचीतले सगळे कागद खरंच मिळाले का तेही त्याच वेळी मोजा.