भाताच्या आरबीडीत सीडी, डंकन की टुकी?

प्रश्न: भातावर आरबीडी, 6 ट्रीटमेंट, 4 रिप्लिकेशन. एफ सिग्निफिकंट आहे. सीडीने फरक दिसतात, टुकी लावला की गायब होतात. गाईड म्हणतात डंकन लाव. थीसिसमध्ये नेमकं काय लिहू?

उत्तर:

डंकन सोडून द्या. 1955 सालची ही पद्धत अजून आपल्याकडे थीसिसमध्ये चालते, कारण तिची अक्षरं सुटसुटीत येतात आणि फरक भरपूर निघतात. पण फरक भरपूर निघतात ते तिची पट्टी सैल आहे म्हणून. 6 सरासऱ्या खरोखर सारख्याच असल्या तरी कुठेतरी एक फरक सिग्निफिकंट दिसण्याची शक्यता डंकनमध्ये 23 टक्क्यांपर्यंत जाते. वर 5 टक्के लिहायचं आणि खाली हे चालवायचं, हे मला पटत नाही.

मात्र चाचणी बदलून तुमची अडचण सुटणार नाही. तुमचा आराखडा आणि माझ्या एका जुन्या प्रयोगाचा आराखडा तंतोतंत सारखा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तेव्हा अंधेरीला एका खत-औषधांच्या कंपनीत होते. खरिपात रायगडात भाताचा प्रयोग घेतला होता. आठवड्यातून दोनदा पहाटेची कर्जत लोकल पकडून प्लॉटवर जायचे. टी1 म्हणजे नत्र शून्य. टी2 म्हणजे नत्राची पूर्ण मात्रा, हेक्टरी 100 किलो. टी3 नुसतं 75 किलो. टी4 म्हणजे 75 किलो आणि रोपांची मुळं कंपनीच्या द्रावणात बुडवून लावणी. टी5 म्हणजे 75 किलो आणि त्याच द्रावणाची फवारणी. टी6 म्हणजे 50 किलो आणि दोन्ही. कापणी, झोडणी झाली, दाण्याचा ओलावा 14 टक्क्यांवर आणून वजनं केली. हेक्टरी क्विंटलमध्ये सरासऱ्या अशा आल्या: टी1 27.4, टी2 43.6, टी3 38.9, टी4 40.1, टी5 39.2, टी6 36.5. त्रुटीचा मीन स्क्वेअर 20.25, त्रुटीचे डिग्री ऑफ फ्रीडम 15.

इथून पुढचं गणित तुम्हाला येतंच. एसई(एम) 2.25, दोन सरासऱ्यांतल्या फरकाची स्टँडर्ड एरर 3.18, त्याला 2.131 ने गुणलं की सीडी 6.78. टुकीची पट्टी 10.3. एफ 6.0 आला, म्हणजे निर्विवाद सिग्निफिकंट. टी2 आणि टी6 मधला फरक 7.1. सीडीने तो सिग्निफिकंट, टुकीने नाही. तुमचं हेच झालंय ना?

आता तो एफ कुठून आला ते बघा. ट्रीटमेंटची सम ऑफ स्क्वेअर्स साधारण 607 होती. त्यातली 501 एकट्या शून्य नत्राच्या प्लॉटमुळे, म्हणजे टी1 विरुद्ध बाकीचे पाच. उरलेल्या पाच ट्रीटमेंटची आपसात तुलना केली तर एफ फक्त 1.3 येतो आणि सिग्निफिकंट ठरायला तो 3.06 च्या वर हवा. म्हणजे आमच्या एफने एवढंच सांगितलं होतं की नत्र दिलं तर भात जास्त येतं. ‘एफ सिग्निफिकंट आला तरच सीडी लावायची’ या नियमाचं संरक्षण शून्य नत्राच्या प्लॉटने आधीच वापरून संपवलं. ज्या पाचांबद्दल आम्हाला खरोखर जाणून घ्यायचं होतं, त्यांच्यातली सीडी त्यानंतर उघड्यावर पडली. तुमच्याकडेही खत नसलेला किंवा न फवारलेला कंट्रोल असणार. तो बाजूला ठेवून उरलेल्यांचा एफ काढून बघा, त्रुटी मात्र तीच वापरा. सीडी आणि टुकी का भांडतात ते तिथे कळेल.

आमच्या ऑफिसात मात्र भांडण या फरकांवरून झालंच नाही. झालं ते टी4 वरून. टी2 43.6 आणि टी4 40.1, फरक 3.5, सीडी 6.78. म्हणून अहवालाच्या मसुद्यात ओळ आली की टी4 हे टी2 शी एट पार आहे. मीटिंगमध्ये साहेबांनी तीच ओळ अधोरेखित केली: "मॅडम, एट पार आलंय ना? मग 75 टक्के नत्रात तेवढंच उत्पादन, असं सरळ लिहा."

मी म्हटलं, "सर, टी3 पण एट पार आहे. त्यात आपलं द्रावण नाहीच."

टी2 आणि टी3 मधला फरक 4.7, तोही सीडीच्या आतच. टी4 आणि टी3 मधला फरक तर जेमतेम 1.2. त्या खोलीत कोणालाच हे ऐकायचं नव्हतं. ‘एट पार’ म्हणजे ‘सारखं’ नव्हे, हे मी त्या दिवशी तीन वेळा सांगितलं आणि आजही सांगते. एट पारचा अर्थ एवढाच की या प्रयोगाला फरक पकडता आला नाही. फरकाचा पल्ला काढा: 3.5 उणे 6.78 आणि 3.5 अधिक 6.78. म्हणजे टी4 हे पूर्ण मात्रेपेक्षा 3.3 क्विंटल जास्त देण्यापासून 10.3 क्विंटल कमी देण्यापर्यंत काहीही असू शकतं. हेक्टरी 10 क्विंटलचं नुकसान ज्या पल्ल्यात बसतं, त्याला ‘सारखं’ कसं म्हणायचं?

आणि आमचा पल्ला इतका रुंद होता, कारण प्रयोग नीट आखला गेला नव्हता. सीव्ही 12 टक्के आला होता. खाचरात पाणी वरच्या बांधाने येतं, गाळ वरच बसतो, आणि पाऊस ओढला की त्या खाचरात वरचा भाग आधी कोरडा पडायचा. फरक वरून खाली होता, तर प्रत्येक ब्लॉक उताराला आडवा हवा होता, म्हणजे एका ब्लॉकातले सहाही प्लॉट एकाच पातळीवर आले असते. आमचे ब्लॉक वरून खाली आखले गेले, कारण तशी बांधावरून ये-जा सोपी होती. त्यामुळे उताराचा सगळा फरक ब्लॉकच्या आत राहिला आणि त्रुटीत गेला. प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिलेले होते, तेव्हा कोणा एका ट्रीटमेंटला मुद्दाम झुकतं माप मिळालं नाही, पण त्रुटी फुगली. ओळखायचं कसं? आमच्याकडे ब्लॉकचा मीन स्क्वेअर त्रुटीपेक्षाही कमी होता, ही पहिली खूण. मग मी प्रत्येक प्लॉटचा रेसिड्युअल शेताच्या नकाशावर लिहिला. वरच्या दोन ओळींत जवळपास सगळे उणे, खालच्या दोन ओळींत जवळपास सगळे अधिक. तुमचे रेसिड्युअल कागदावर असेच मांडा, अर्धा तास लागतो.

म्हणजे प्रयोग जितका ढिसाळ, तितकी सीडी मोठी, आणि तितक्या जास्त गोष्टी एट पार. ज्याला स्वस्त माल महागाइतकाच चांगला ठरवायचा आहे, त्याला वाईट प्रयोग फायद्याचा पडतो. माझा सगळा राग यावर आहे. सारखेपणा दाखवायचाच असेल तर लावणीच्या आधी ठरवा की किती फरक शेतकऱ्याला चालेल, समजा 2 क्विंटल, आणि मग पूर्ण पल्ला त्या मर्यादेत बसला पाहिजे. आमच्या त्रुटीवर पल्ला उणे-अधिक 2 वर आणायला सुमारे 40 रिप्लिकेशन लागली असती. आमच्याकडे 4 होती.

पल्ल्याबद्दलच्या माझ्या दोन ओळी अहवालातून निघाल्या आणि पत्रक छापलं गेलं. पुढच्या जूनमध्ये माणगावहून काकांचा फोन आला, "अगं, तुमच्या कंपनीचा कागद आलाय, युरिया कमी करू का?" त्यांची जमीन एक एकर. 25 टक्के नत्र वाचवणं म्हणजे एकरी 22 किलो युरिया, अर्धी गोणी. धोका एकरी 4 क्विंटल भातापर्यंत. मी त्यांना नको म्हणून सांगितलं, आणि वर्षभरात ती नोकरी सोडली.

तर तुमच्या थीसिसबद्दल. आधी स्वतःला विचारा की प्रयोग कशासाठी घेतला होता. सगळं शिफारशीच्या मात्रेशीच ताडून बघायचं असेल तर डनेट वापरा, तीही 1955 चीच पद्धत. खरोखर सगळ्या 15 जोड्या हव्या असतील तर टुकी. ट्रीटमेंट म्हणजे एकाच खताच्या चढत्या मात्रा असतील तर अक्षरं देऊच नका, मात्रा आणि उत्पादन यांचा वक्र बसवा. आर मध्ये एवढं पुरतं:

```r
d$rep <- factor(d$rep)
d$trt <- factor(d$trt)
m <- aov(yield ~ rep + trt, data = d)
summary(m)
library(emmeans)
e <- emmeans(m, "trt")
confint(contrast(e, "trt.vs.ctrl", ref = 2))
```

पहिली ओळ विसरू नका. रिप्लिकेशन 1, 2, 3, 4 असे आकडेच राहिले तर आर त्यातून सरळ रेषा काढतं आणि त्रुटीचे डिग्री ऑफ फ्रीडम 15 ऐवजी 17 दिसतात. 15 दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटच्या ओळीतले पल्ले डनेटप्रमाणे रुंद केलेले येतात आणि फरक ‘ट्रीटमेंट वजा टी2’ असा येतो, म्हणून चिन्ह उणे दिसेल.

तक्त्यात सरासरी, एसई(एम) आणि सीडी द्या, कारण परीक्षक तेच शोधतात. पण मजकुरात ‘एट पार’ ऐवजी असं लिहा: "टी4 चं उत्पादन टी2 पेक्षा सरासरी 3.5 क्विंटल कमी आलं. 95 टक्के पल्ला 3.3 क्विंटल जास्त ते 10.3 क्विंटल कमी. एवढ्यावरून दोन्ही सारखी आहेत असं म्हणता येत नाही." हा सीडीवरचा पल्ला आहे. डनेटचा घेतलात तर तो उणे-अधिक 9 च्या आसपास जाईल, तेव्हा कुठला दिला ते नमूद करा.

सीडीवर माझा सरसकट आक्षेप नाही. एक-दोन तुलना सिनॉप्सिसमध्येच लिहिलेल्या असतील तर त्यांच्यासाठी सीडी अगदी योग्य आहे. आणि उंदरांनी किंवा डुकरांनी एखादा प्लॉट खाल्ला असेल तर साध्या सरासऱ्या घेऊ नका, `emmeans` च्या घ्या, आणि त्या ट्रीटमेंटच्या जोड्यांची स्टँडर्ड एरर बाकीच्यांपेक्षा वेगळी येईल म्हणून एकच सीडी तक्त्याखाली लिहू नका. गाईडनी डंकनचा आग्रह धरलाच तर अक्षरं परिशिष्टात द्या, पल्ल्यांचं वाक्य मात्र निकालाच्या प्रकरणातून काढू देऊ नका.