नोटीस चौऱ्याहत्तराव्या पानावर का आली?

वेंगुर्ले

प्रिय विद्यार्थ्यास,

तुझे हस्तलिखित पोहोचले आणि मी ते दोन बैठकींत वाचून काढले. सोबतच्या पत्रात तू लिहिले आहेस की कादंबरी पहिल्या भागात 'बसते' आणि ती का बसते हे तुला कळत नाही. तुझा गोंधळ खरा आहे. मात्र त्यामागचे कारण तू दिलेस ते नव्हे. भाषा जड झाली म्हणून कादंबरी बसलेली नाही. तुझी भाषा चांगली आहे आणि त्याबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही. दोनशे तीस पानांच्या कादंबरीत तलाठ्याची नोटीस चौऱ्याहत्तराव्या पानावर येते, आणि आल्यानंतरही तुझा नायक दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचा पंप पाठीला लावून बागेत जातो, हे खरे कारण आहे.

तू तिला 'इन्सायटिंग इन्सिडंट' म्हणतोस, मी चालना देणारी घटना म्हणते. नाव कोणतेही दे, पण तिची परीक्षा एकच: ती घडल्यानंतरची सकाळ आधीच्या सकाळीसारखी जाऊ शकते का? जाऊ शकत असेल, तर ती घटना कितीही मोठी असली तरी चालना देणारी नाही. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे आणि तू कंटाळलास तरी थांबणार नाही.

तिसाव्या पानावर तू अवकाळी पाऊस आणला आहेस. मोहोर काळा पडतो, भुरी येते, तुडतुडे वाढतात, घरात रडारड होते. तुला वाटले असणार की हीच ती घटना. पण नायक काय करतो? औषध आणतो आणि पुन्हा फवारतो. बागायतदाराच्या आयुष्यात अवकाळी पाऊस हा नित्यक्रमाचाच भाग आहे, त्याची चिडचीडसुद्धा ठरलेली असते. पावसाशी भांडता येत नाही, त्यामुळे त्यातून संघर्ष उभा राहत नाही. आवाज मोठा झाला म्हणजे कथा हलली, असा तुझा समज झाला आहे. नोटिशीचा कागद मात्र काहीही आवाज न करता घरात येतो आणि कथा तिथे हलायला हवी होती.

आता ती नोटीस नीट पाहू, कारण तू निवडलेली घटना उत्तम आहे आणि तू ती वाया घालवली आहेस. मुंबईच्या काकांनी सामायिक बागेतला आपला अविभक्त हिस्सा एका बाहेरच्या माणसाला विकला आहे. खरेदीखत नोंदले गेले, फेरफाराची नोंद धरली गेली आणि हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघाली. एवढ्या एका कागदात मुदत आहे, विरोधक आहे आणि बागेचे वाटप मागू शकणारा नवा सहहिस्सेदार आहे. शिवाय हरकत घेतली तरी फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, म्हणजे भांडण तलाठ्याच्या दप्तरात संपणार नाही, ते पुढे वाटपाच्या दाव्यापर्यंत जाणार. तुझ्या शेवटच्या प्रकरणात बाग अखंड राहील का, याच प्रश्नाचे उत्तर आहे. मग तो प्रश्न वाचकाच्या हातात त्र्याहत्तर पाने उशिरा का द्यायचा? तोवर त्याने कशाची वाट पाहायची?

'पण बाई, दशावतारातही आख्यान रात्री उशिरा लागते आणि लोक बसून राहतात,' असे तू लिहिले आहेस. हे वाचून मला हसू आले, कारण तुझ्या वयात मीही हेच म्हणत होते. आधीच्या आडदशावतारात गणपती येतो, संकासुर लोकांना हसवतो. तो स्वतंत्र खेळ आहे, आख्यानाची लांबलेली सुरुवात नव्हे. आणि आख्यान कोणते हे प्रेक्षकाला ठाऊक असते, कथा त्याने आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. तुझ्या वाचकाने तुझी कथा कोणाच्याही मांडीवर ऐकलेली नाही.

माझे काय झाले ते सांगते, कारण ते न सांगता तुला उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या पहिल्या कादंबरीत थोरला मुलगा घर सोडून जातो आणि सगळा डोलारा हलतो, ती घटना तीनशे पानांत एकशे दहाव्या पानावर होती. एका संपादकांनी पत्राने कळवले की ती पंचविसाव्या पानाच्या आसपास आणा. मी उलट टपाली लिहिले की कोकणातल्या घरांचा वेग असाच असतो आणि तो शहरातल्या माणसाला कळणार नाही. कादंबरी मी पदरमोड करून छापली. उरलेल्या प्रती माळ्यावर गेल्या आणि वाळवीने त्यांचा निकाल लावला. त्या एकशे दहा पानांतली पावसाची वर्णने चांगली होती, हे मी आजही म्हणेन आणि त्या बाबतीत ते संपादक चुकलेच होते. पण वर्णन चांगले असणे आणि ते त्या जागी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मला फार वर्षे लागली. वेग संथ असल्याने माझी कादंबरी पडली नाही. थोरला निघून जाईपर्यंत त्या घरात कोणाचीही सकाळ बदलत नव्हती, म्हणून पडली.

तर मग नोटीस पहिल्याच पानावर आणावी का? नाही. पहिल्या पानावर तो नुसता कागद आहे. काका कोण, बाग कोणाची, हा माणूस कागदाला का घाबरतो, हे माहीत नसताना वाचकाला त्या कागदाचे काहीच वाटणार नाही. पटकथा लिहिणारे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा हिशेब धरतात आणि सुमारे एकशेदहा पानांत ही घटना दहाव्या ते पंधराव्या पानाच्या दरम्यान बसवतात. तुझ्या दोनशे तीस पानांना तो हिशेब लावला तर साधारण एकविसाव्या ते एकतिसाव्या पानाच्या दरम्यानची जागा येते. पण आकडा डोक्यात घेऊन लिहू नकोस. नोटिशीने काय काय मोडणार आहे तेवढेच आधी दाखव, आणि ते दाखवून झाले की लगेच ती आण.

तुझ्या त्र्याहत्तर पानांतून मी तीनच प्रसंग ठेवले. पहिला शिमग्याचा. काका मुंबईहून आले आहेत, पुरणपोळी खातात, पुतण्याच्या पाठीवर थाप मारतात. हा प्रसंग तुझ्याकडे बेचाळिसाव्या पानावर आहे, तो सुरुवातीला आण. दुसरा प्रसंग तू दोन ओळींत उरकला आहेस, पण तो फार मोलाचा आहे: नायक सरकारी पाकीट न फोडता कॅलेंडरच्या मागे खोचतो. त्याच्या घरात सगळे व्यवहार भावाभावांच्या शब्दावर चालत आले आहेत आणि त्याला त्याचा अभिमान आहे. हा त्याचा खरा नित्यक्रम, फवारणी वरवरची. त्याला दोन पाने दे. तिसरा प्रसंग आंबा व्यापाऱ्याच्या उचलीचा. ती उचल घेऊन त्याने घराचे छप्पर उतरवले आहे, हे वाचकाला आधी कळले पाहिजे.

यानंतर नोटीस येऊ दे. जानेवारीत नको, शिमगा झाल्यावर, काढणीच्या पहिल्या आठवड्यात, झेला घेऊन माणसे झाडावर असताना. ती टपालाने आली तर तो पाकीट कॅलेंडरमागे खोचेल आणि तू पुन्हा बारा पाने आढी घालण्यावर लिहीत बसशील. म्हणून ती कोतवालाच्या हातून येऊ दे, म्हणजे पोहोचल्याची सही करताना त्याला ती वाचावी लागेल. कागदावर खरेदीखताची तारीख असेल. ती शिमग्याच्या आधीची ठेव. काकांनी पुरणपोळी खाल्ली तेव्हा त्यांची सही होऊन गेली होती, हे नायकाला आणि वाचकाला एकाच क्षणी कळेल आणि त्यासाठी तुला एकही भावनिक वाक्य लिहावे लागणार नाही.

तरीही तो दुसऱ्या दिवशी आंबे काढायला जाऊ शकतो, हे लक्षात घे. घटना लवकर आणली म्हणजे काम झाले असे मानणारे लेखक इथेच फसतात. नोटीस विसाव्या पानावर आली आणि पन्नासाव्या पानापर्यंत नायक नुसता विचार करत राहिला, तर ती पन्नासाव्या पानावर आल्यासारखीच आहे. म्हणून व्यापाऱ्याला ही बातमी संध्याकाळीच कळू दे. ज्या बागेवर वाद आहे तिच्या मालावर तो पुढचा हप्ता देणार नाही. आता आंबा झाडावर थांबणार नाही, छप्पर उघडे आहे, मजुरांना द्यायला पैसे नाहीत आणि हरकतीची मुदत चालू झाली आहे. बागेत थांबला तर मुदत जाईल, मुंबईला काकांकडे गेला तर आंबा जाईल. त्याने कोणताही मार्ग निवडला तरी कालची सकाळ त्याला परत मिळत नाही.

तू सुचवलेला दुसरा उपाय, म्हणजे सुरुवातीला न्यायालयातला प्रसंग टाकून मग 'सहा महिन्यांपूर्वी' म्हणत मागे जाणे, मला पसंत नाही. त्याने पहिले पान चढते, पण मागे गेल्यावर तीच त्र्याहत्तर पाने जशीच्या तशी उभी राहतात. हे उसने घेतलेले कुतूहल आहे आणि ते दहा पानांत संपते.

उरलेल्या पन्नासेक पानांचे काय, हा प्रश्न तू विचारशील आणि विचारताना तुझा आवाज कापेल, हे मला ठाऊक आहे. ती पाने फाडू नकोस. आजीने बांधलेल्या कलमांचे प्रकरण आज चौदाव्या पानावर आहे आणि तिथे ते नुसते सुंदर आहे. तेच नोटिशीनंतर ठेवून पाहा. कोणते कलम कोणाच्या वाट्याला जाईल हे ठरायचे असताना नायक झाडाझाडाखाली उभा राहून आठवतो, की हे आजीने कधी बांधले, ते काकांनी लहानपणी कसे जगवले. शब्द तेच राहतील, पण वाचक आता प्रत्येक झाड मोजत वाचेल. आणि काकांचाही त्या बागेवर हक्क होता, हे तुझ्या नायकाला मान्य करावे लागेल, जे सध्याच्या खर्ड्यात कुठेच होत नाही. माझ्या पावसाच्या वर्णनांना अशी जागा मिळाली असती तर, असे मला अधूनमधून वाटते. पण ते राहू दे.

पहिली तीस पाने नव्याने लिहून पाठव, संपूर्ण कादंबरी नको. नोटीस ज्या पानावर येईल तिथे समासात खूण कर. त्यानंतरच्या सकाळी नायकाने झेल्याला हात लावलाच, तर तो का लावला हे मला त्याच पानावर कळले पाहिजे. आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठव, मागच्या वेळी कोपरे भिजून आले होते.

तुझ्या
बाई