वर्णम आणि कृती: दोन्हींतून वेगवेगळे काय शिकावे?

प्रश्न: मी हिंदुस्थानी गायन थोडे शिकले आहे. आता चेन्नईत कर्नाटक संगीत शिकते. गुरू कृती न देता वर्णमच घोटून घेत आहेत. या दोन रचनाप्रकारांतून नेमके वेगळे काय शिकायचे असते?

आपण भूप शिकला असाल असे गृहीत धरून मोहनम राग घेतो, कारण त्याचेही स्वर सा, रे, ग, प, ध हेच आहेत. ‘निन्नुकोरि’ हे आदि तालातील वर्णम आणि त्यागराजांची (१७६७–१८४७) ‘ननु पालिंप’ ही कृती, दोन्ही मोहनममध्ये आहेत आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात.

वर्णमात शब्द मोजकेच असतात. एकेका आकारावर किंवा ओकारावर स्वरांची लांबच लांब ओळ चालते, त्यामुळे मन अर्थाकडे न जाता स्वरांच्या वाटेवर राहते. पल्लवी, अनुपल्लवी आणि मुक्तायी स्वर हा पूर्वार्ध, तर चरणम आणि त्याला जोडलेले स्वरसमूह हा उत्तरार्ध. या स्वरसमूहांपैकी पहिला सहसा दीर्घ स्वरांचा असतो, पुढचे अधिकाधिक दाट आणि लांब होत जातात, आणि प्रत्येकानंतर चरणमच्या ओळीवर परत यावे लागते. राग कोणत्या स्वरावर थांबतो, कोठून उडी घेतो आणि कोणत्या वळणाने परततो, हे या रचनेतून गळ्यात बसते.

हिंदुस्थानीतून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण येथेच दिसते. सरगम म्हणताना आपण ‘ग’ उच्चारून बहुधा गांधारावर स्थिर राहतो. मोहनममध्ये मात्र तोंडात ‘ग’ असला तरी आवाज गमकाने हलत असतो, आणि ते हलणेच त्या स्वराचे रूप असते. ते सुटले की वर्णम अचूक म्हणूनही भूपासारखे ऐकू येते. याची पारख सोपी आहे: तीच ओळ स्वरनामे टाकून आकारात म्हणून पाहावी. आकारात गमक सपाट झाले, तर ते स्वरनामांबरोबरही नीट आलेले नव्हते.

लयीचा धडा दोन काळांत असतो. ताल धरणाऱ्या हाताची गती तशीच ठेवून गाणे दुप्पट करायचे, म्हणजे पहिल्या काळातील दोन आवर्तने आठ अक्षरांच्या, म्हणजे तालाच्या आठ मात्रांच्या, एकाच आवर्तनात बसतात. गडबड बहुधा दोन प्रकारची होते. एक तर गळ्याबरोबर हातही धावू लागतो, किंवा दुसऱ्या काळात गमक पुसले जाऊन कोरडे स्वर उरतात. दीर्घ स्वरावरचे गमक दुप्पट लयीत आखडते घ्यावे लागते, पण नाहीसे होऊ द्यायचे नसते. ही काटकसर मी वर्णमातूनच शिकलो. दुसऱ्या कोणत्याही रचनेने ती इतक्या स्पष्टपणे शिकवलेली मला आठवत नाही.

कृतीत शब्द पुढे येतो. ‘ननु पालिंप नडचि वच्चितिवो’ म्हणजे ‘माझे पालन करायला तू चालत आलास काय?’ ही ओळ संगतींनी वाढत जाते: शब्द तेच राहतात, पण दर वेळी चाल थोडी फुलते. वर्णमात मिळवलेल्या वळणांचा उपयोग येथे होतो, मात्र एका बंधनासह. श्वास कोठेही घेता येत नाही. ‘नडचि’ (चालत) आणि ‘वच्चितिवो’ (आलास काय) यांच्यामध्ये थांबले तर चालते. ‘नडचिव’ म्हणून थांबले, तर तेलुगू जाणणाऱ्याला ते लगेच खटकते. म्हणून संगती घेण्यापूर्वी ओळ नुसती बोलून, शब्द तोडून लिहून ठेवावी.

प्रासही डोळसपणे पाहावा. पल्लवीतील ‘ननु’ आणि अनुपल्लवीतील ‘वनज’ यांचे दुसरे अक्षर नकाराचे आहे. चरणात ‘सुरपति’, ‘उरमुन’, ‘करमुन’, ‘धरणि’ यांत तेच स्थान रकाराकडे जाते. ही अक्षरे कानांत बसली की ओळी कोठे सुरू होतात हे आपोआप लक्षात राहते. याच चरणात रामाचे रूप एकेका ओळीने उभे राहते: इंद्रनीलासारखी काया, छातीवर मोत्यांचे सर, हातात धनुष्यबाण आणि सोबत सीता. येथे द्रुत तानांचा मोह आवरला नाही, तर ही चित्रे एकमेकांत मिसळतात.

लयीच्या दृष्टीने कृती वेगळी परीक्षा घेते. आदि तालातील वर्णमे बहुधा समेवरच उठतात, तर अनेक कृतींचा उठाव सम सोडून होतो. त्यागराजांच्या देशादी घाटाच्या रचना समेनंतर दीड अक्षराने सुरू होतात. हाताने आवर्तन चालू ठेवून त्या रिकाम्या दीड अक्षरात शांत राहणे सुरुवातीला फार जड जाते.

म्हणून एखादे वर्णम दोन्ही काळांत, हात न डळमळता आणि गमकांसह येईपर्यंत त्याच रागातील कृती घेऊ नये, असे माझे मत आहे. गुरूंना विचारून ‘निन्नुकोरि’नंतर ‘ननु पालिंप’ मागा, आणि पल्लवीच्या पहिल्या दोन-तीन संगतींवरच काही काळ थांबा.