आरओचं वेस्ट पाणी धो धो जातं? आधी एफआर बघा

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात गावी राहतो. बोअरचं पाणी, टीडीएस 1100 च्या आसपास. दिवाळीत मिस्त्रीने आरओची सर्व्हिसिंग केली तेव्हापासून वेस्ट पाणी धो धो जातं आणि शुद्ध पाणी बारीक येतं. 10 लिटरची टाकी भरेपर्यंत आठ-नऊ बादल्या वाया. मिस्त्री म्हणतो बोअरचं पाणी जड आहे, असंच राहणार. मेम्ब्रेन बदलू का? आणि हे पाणी परसातल्या संत्र्याला घातलं तर चालेल का?

उत्तर:

भाऊ, मेम्ब्रेनचे पैसे सध्या खिशातच ठेवा. पाणी जड आहे हे खरं, पण 1100 टीडीएसला घरची मशीन एका लिटरमागे दोन-अडीच, फार तर तीन लिटर सोडते. तिकडे दर्यापूर-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात त्याहून जास्त जाईल, ते समजू शकतो. तुमच्याकडे एका लिटरमागे बारा-तेरा लिटर चाललंय. सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं म्हणता, म्हणजे माझा संशय सरळ फ्लो रिस्ट्रिक्टरवर. मिस्त्री लोक त्याला एफआर म्हणतात.

मेम्ब्रेनच्या नळकांड्याला मागून दोन नळ्या निघतात, एक शुद्ध पाण्याची, दुसरी वेस्टची. वेस्टच्या नळीत बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा पांढरा तुकडा बसवलेला असतो. त्यावर बाण आणि 300, 450, 550 असा आकडा असतो. तो आकडा म्हणजे मिनिटाला साधारण किती मिलिलिटर पाणी जाऊ द्यायचं ते. आतलं भोक अगदी बारीक असतं, त्यामुळे वेस्टची वाट अडते आणि मागे मेम्ब्रेनमध्ये दाब तयार होतो. त्या दाबानेच पाणी मेम्ब्रेनमधून गाळलं जातं. एफआर नसेल तर पंप ढकलेल ते पाणी सरळ मोरीत जातं, दाब बनतच नाही. म्हणून तुमच्याकडे दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, वेस्ट वाढलं आणि शुद्ध घटलं.

नुसतं मेम्ब्रेन चोंदलं असतं तर शुद्ध कमी झालं असतं, पण वेस्ट एफआरच्या आकड्याच्या जवळपासच राहिलं असतं. स्पन फिल्टर भरला किंवा पंप थकला तर दोन्ही धारा बारीक होतात.

माझ्या मोठ्या बहिणीकडे गेल्या वर्षी हेच झालं होतं. मी गेलो तेव्हा दोन्ही नळ्या वेगवेगळ्या भांड्यांत सोडल्या आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजलं. शुद्ध 90 मिलिलिटर, वेस्ट 1350. म्हणजे एकास पंधरा. मग टीडीएस मीटर बुडवला. बोअरचं पाणी 1100 आणि वेस्ट 1165. ही खूण लक्षात ठेवा. मशीन नीट काम करत असेल तर क्षार वेस्टमध्ये साचून त्याचा टीडीएस चांगला दीडपटीकडे जायला हवा. इथे जवळजवळ जसं आलं तसं पाणी मोरीत चाललं होतं.

मग मशीन चालू असतानाच वेस्टची नळी चार-पाच सेकंद दुमडून धरली. पंपाचा आवाज लगेच जड झाला आणि शुद्ध पाण्याची धार वाढली. म्हणजे पंप शाबूत, मेम्ब्रेनही शाबूत. तुम्हीही ही परीक्षा करा, पण चार-पाच सेकंदच. नळी दाबून ठेवून वापरायची युक्ती काही जण सांगतात, तिने मेम्ब्रेन महिन्या-दोन महिन्यांत दगड होतं. दुमडूनही धार वाढली नाही, तर मात्र पंप किंवा मेम्ब्रेन बघावं लागेल.

झाकण उघडलं तर एफआरच्या जागी नुसता जोड! झालं असं असणार की कार्बनची भुकटी किंवा चुना अडकून जुना एफआर चोंदला, वेस्ट बंद पडलं, आणि मिस्त्रीने नवा टाकायच्या ऐवजी तो काढूनच टाकला. मशीन चालू झाली, गिऱ्हाईक खूश, मिस्त्री पुढच्या गावी.

नवा एफआर शंभर रुपयांच्या आत मिळतो. प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, जोडाची क्लिप काढून कडी आत दाबा आणि नळी ओढा. नवा बसवताना बाण मेम्ब्रेनकडून मोरीकडे हवा. बहिणीकडे 75 जीपीडीचं, म्हणजे दिवसाला 75 गॅलन शुद्ध पाणी देणारं मेम्ब्रेन आहे, त्याला 450 चा टाकला. पुन्हा मोजलं तेव्हा शुद्ध 190, वेस्ट 460, आणि वेस्टचा टीडीएस 1520. आधी 10 लिटरला दीडशे लिटर जात होतं, आता चोवीस-पंचवीस.

आता कुणी म्हणेल 300 चा टाका, अजून वाचेल. आपल्या पाण्याला टाकू नका. वेस्ट जितकं कमी सोडाल तितका चुना आत घट्ट होतो आणि मेम्ब्रेनवरच बसतो. पाणी वाचवायला जाऊन दर वर्षी मेम्ब्रेन घ्यायचं, हा हिशेब मला पटत नाही.

आणखी एक बघा. टाकी भरून पंप थांबल्यावरही वेस्टची नळी ठिबकत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. रात्रभरात त्यातूनच बादली भरते. तो दोष वेगळा, एफआर बदलून जाणार नाही.

आता उरलेल्या पंचवीस लिटरचं. संत्र्याला नकोच. संत्रा आणि लिंबू दोन्ही क्षाराला नाजूक, त्यात आपली काळी चिकण माती, निचरा कमी. पंधराशे टीडीएसचं पाणी रोज एकाच आळ्यात घातलं की आधी पानांच्या कडा करपतात, मग पानगळ. घालायचंच तर बोगनवेलीला घाला, तेही जागा बदलून.

गाई-बैलांना पाजू नका. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे, आणि आरओ ते काढून वेस्टमध्येच जमा करतो. बोअरला लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम असेल तर वेस्टमध्ये दोनच्या वर जातं. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. स्वयंपाकालाही हे पाणी वापरू नका, हे वेगळं सांगायला नको.

संडास, गोठा धुणं, भांड्यांची पहिली खरकटी धुणं, अंगणात सडा, याला बिनधास्त वापरा. फरशीवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात साध्या पाण्याचा मारा. कपड्यांना साबण फुटत नाही, ते राहू द्या.

उन्हाळ्यात सगळे हे पाणी कुलरमध्ये ओततात. पाणी उडून जातं, क्षार ताट्यांवर बसतो, आणि मे संपेपर्यंत ताट्या दगडासारख्या होतात. टाकायचंच असेल तर निम्मं साधं पाणी मिसळा आणि दर तीन-चार दिवसांनी कुलरची टाकी पूर्ण रिकामी करा.

बहिणीकडे वेस्टची नळी मोरीतून काढून ओट्याखालच्या ड्रममध्ये सोडली आहे. नळीचं तोंड मोकळं आणि मशीनच्या खालीच ठेवा. पुढे नळाची तोटी लावू नका, गच्चीवरच्या टाकीत चढवायचा प्रयत्नही नको. एफआरच्या पुढे त्या पाण्याला जोर नसतो, आणि वाट बंद झाली की पुन्हा मेम्ब्रेनवरच येतं. ड्रम भरला तर जादा पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या, फक्त खड्डा बोअरच्या शेजारी नको.

आज संध्याकाळी दोन्ही धारा मिनिटभर मोजा आणि आकडे इथे टाका. मेम्ब्रेनवर किती जीपीडी लिहिलंय तेही कळवा, मग कोणत्या आकड्याचा एफआर घ्यायचा ते सांगतो.