लग्नाच्या वाढदिवसाचा उखाणा

अगं, उखाणा शेवटाकडून बांध. नावाशीच यमक जुळवायला गेलीस की ‘सुधीरराव’ला गाव, भाव, नाव यातच फिरत बसशील. त्यापेक्षा नाव दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला घे आणि यमक शेवटच्या साध्या शब्दावर ठेव. ‘चांदीच्या ताटात’ लग्नात खपून जातं. 25 वर्षांनी लोकांना तुमच्या घरातलं काहीतरी हवं असतं. सुधीररावांच्या हातचा चहाच घे ना:

चहात साखर कमी, पण आलं घालतात जास्त,
सुधीररावांसोबत पंचवीस वर्षं गेली मस्त!

‘जास्त’ म्हटलंस की जरा थांब. हशा तिथेच पिकतो. घाई केलीस तर नाव त्यात बुडतं आणि नणंदा ‘परत घ्या, परत घ्या’ करत मागे लागतात. माझं झालंय तसं.