दर क्षणाला व्याज, तरी 95 पैसेच जास्त

अरे, 'सतत चक्रवाढ म्हणजे पैसा अनंत वाढेल' हे डोक्यातून काढ. एकदा आकडे स्वतः करून बघ. मी डेक्कनला चहा पिता पिता बिलाच्या पाठीवर केले होते.

1 लाख रुपये, दर 8 टक्के, मुदत 1 वर्ष. वर्षातून एकदा व्याज धरलं तर 1,08,000. आपल्या बँकांच्या एफडीसारखं तिमाही धरलं तर 1,08,243. मासिक 1,08,300. रोज 1,08,327.76. आणि सतत, म्हणजे e^0.08 ने गुणून, 1,08,328.71; e म्हणजे सुमारे 2.718 हा ठरलेला आकडा. रोजपासून सततपर्यंत फक्त 95 पैसे!

असं का? r म्हणजे वार्षिक दर, n म्हणजे वर्षातून किती वेळा व्याज धरलं ते. (1 + r/n)^n मध्ये n वाढला की हप्ते वाढतात, पण प्रत्येक हप्त्याचा दरही तितकाच बारीक होतो. कंस 1 कडे सरकतो म्हणून उत्तर 1 येईल, ही नवख्यांची ठरलेली चूक. घातही सोबत वाढतोय, हे ते विसरतात. m = n/r धर. मग तेच ((1 + 1/m)^m)^r होतं, आतला भाग e कडे जातो आणि e^r उरतं. t वर्षांसाठी e^(rt).

एक खोड मात्र सांभाळ. एक्सेलमध्ये हे टाकून बघ:

```
=(1+0.08/1E+16)^1E+16
=EXP(0.08)
```

पहिलं 1 दाखवेल. गणित चुकलं नाही, 0.08/1E+16 इतकं लहान आहे की 1 मध्ये मिळवल्यावर मशीनला दिसतच नाही. म्हणून थेट EXP वापर.